पासवर्ड 'एनक्रिप्ट' केलेत म्हणे, मग हॅशिंग कशाला पाहिजे?

मु_पो_इस्लामपूर

नमस्कार मंडळी. मी एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं बघतो, बघतो म्हणजे प्रिंटरमधला अडकलेला कागद काढण्यापासून रात्रीच्या बॅकअपपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात आहे. सभासदांसाठी एका वेंडरकडून मोबाईल ॲप घेतलंय. त्यात 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की तुमचाच जुना पासवर्ड एसएमएसवर जसाच्या तसा येतो. सभासद खूश, कारण नवीन काही लक्षात ठेवायला नको. पण यंदा ऑडिटला आलेल्या मॅडमनी ते बघितलं आणि शेरा मारला, पासवर्ड हॅश करून ठेवा, म्हणजे पासवर्डऐवजी त्याच्यावरून काढलेला ठसा ठेवा, ज्यावरून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही.

वेंडरला फोन लावला तर तो म्हणतो, साहेब आपण एईएस-२५६ ने एनक्रिप्ट करतो, मिलिटरीवाले वापरतात ते, हॅश त्याच्यापेक्षा कच्चं असतं आणि हॅश फोडणाऱ्या वेबसाइट नेटवर फुकट पडल्यात. आता संचालक मंडळापुढे मला उभं राहायचंय आणि दोन्ही बाजूंचं ऐकून माझंच डोकं गरगरायला लागलंय. कोण बरोबर?

---

कोडमास्तर

वेंडर अगदीच चूक नाहीये. हॅश फोडता येतो. हे घ्या, एमडी५ पद्धतीने काढलेला हॅश:

```
e10adc3949ba59abbe56e057f20f883e
```

हे गूगलमध्ये टाका, पहिल्याच पानावर उत्तर मिळेल, 123456. मग सांगा हॅश कसला सेफ. एनक्रिप्शनला निदान किल्ली तरी लागते.

---

चहाबाज

पासवर्ड 123456 ठेवला तर किल्ली काय आणि कुलूप काय 😂

---

बिनखांबी

कोडमास्तर, ती वेबसाइट काहीही 'उलटं' करत नाही. त्यांनी कोट्यवधी शब्दांचे हॅश आधीच काढून ठेवलेत, तुम्ही हॅश दिला की त्या यादीत शोधतात. यादीत नसलेला एखादा लांबलचक विचित्र पासवर्ड हॅश करून टाका, गप्प बसते. म्हणजे हॅशवरून मागे कोणी जात नाही, पुढून अंदाज करत येतात आणि जुळतंय का बघतात. हा फरक पकडून ठेवा, पुढे लागणार आहे.

इस्लामपूरकर, तुमच्या वेंडरची गंमत त्याच्या एसएमएसमध्येच आहे. जुना पासवर्ड परत पाठवता येतोय याचा अर्थ सर्व्हरवर तो परत काढायची सोय आहे. म्हणजे किल्ली त्याच सर्व्हरवर कुठल्यातरी कॉन्फिग फाईलमध्ये आहे, कारण ॲपला ती दर लॉगिनला लागते. ज्याच्या हाती सर्व्हर गेला त्याच्या हाती टेबल आणि किल्ली दोन्ही एका दमात. तुमच्या वेंडरच्या हाती तर त्या आजच आहेत. एईएस तगडं आहे, त्याबद्दल वादच नाही, पण इथे एईएस फोडायची वेळच कोणावर येणार नाही.

पासवर्ड तपासायला मूळ पासवर्ड लागतच नाही. माणसाने टाइप केलेल्याचा हॅश काढायचा, ठेवलेल्या हॅशशी ताडून बघायचा, संपलं. जी गोष्ट परत कधी बघायचीच नाही ती परत काढायची सोय ठेवायची कशाला? याउलट सभासदाचा खाते नंबर, मोबाईल नंबर तुम्हाला उद्या पुन्हा वाचायचाय, त्याला एनक्रिप्शनच पाहिजे. हॅश केलेल्या नंबरवर एसएमएस कसा पाठवणार?

---

सुमाताई_तळेगाव

हे सगळं बरोबर असेल पण माझा प्रश्न असा की बँकेच्या स्टेटमेंटची पीडीएफ उघडत नाहीये, पासवर्ड टाकून टाकून दमले. ती हॅश केलेली असेल का? कोणी उघडून देईल का?

---

चहाबाज

ताई, फाईल इथे टाकू नका फक्त, बाकी चालू द्या.

---

बिनखांबी

सुमाताई, ती हॅश केलेली असती तर जगात कोणालाच उघडली नसती, बँकेलासुद्धा नाही. ती एनक्रिप्ट केलेली आहे. पासवर्डचा फॉरमॅट बँकेने त्याच मेलमध्ये लिहिलेला असतो, मेल पुन्हा एकदा नीट वाचा, बहुतेक नावाची चार अक्षरं आणि जन्मतारीख असं काहीतरी निघेल.

पण ताईंच्या पीडीएफमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. तुम्ही टाकलेल्या पासवर्डवरून हॅशिंगने किल्ली तयार होते आणि त्या किल्लीने फाईल एनक्रिप्ट होते. म्हणून फाईल तेवढीच पक्की जेवढा पासवर्ड पक्का. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. नाव माहीत असलेल्या माणसाला फक्त सालाचा अंदाज करायचाय, फार तर शंभर वेळा. तिथे आतला अल्गोरिदम कितीही भारी असला तरी काय उपयोग.

---

सुमाताई_तळेगाव

उघडली! माहेरच्या नावाने होती. धन्यवाद. आता वाचत बसते तुमचं.

---

कोडमास्तर

मान्य की किल्ली सर्व्हरवर असते. पण समजा वेंडरने किल्ली नीट वेगळ्या ठिकाणी ठेवली, चोराच्या हाती फक्त टेबल लागलं. मग तर एनक्रिप्शन जिंकलं ना? एईएस कोणी फोडलेलं नाही.

---

बिनखांबी

हा प्रयोग जगाने करून बघितलाय. २०१३ मध्ये अडोबीचा यूजर डेटा चोरीला गेला. ऑक्टोबरमध्ये त्यांनी आधी सांगितलं २९ लाख ग्राहक, मग आकडा ३ कोटी ८० लाख ॲक्टिव्ह यूजरवर गेला, आणि जी फाईल बाहेर फिरत होती तिच्यात १५ कोटींच्या आसपास रेकॉर्ड होते. पासवर्ड हॅश केलेले नव्हते, ट्रिपल डेसने एनक्रिप्ट केलेले होते, सगळ्यांना एकच किल्ली. आणि ती किल्ली फाईलबरोबर आली नव्हती, म्हणजे कोडमास्तर म्हणतात अगदी तीच परिस्थिती. तरी लोकांनी लाखो पासवर्ड ओळखले. त्या फाईलमधल्या चार ओळी देतो:

```
EQ7fIpT7i/Q=
j9p+HwtWWT/ioxG6CatHBw==
j9p+HwtWWT86aMjgZFLzYg==
L8qbAD3jl3jioxG6CatHBw==
```

घाई न करता बघा. ट्रिपल डेस एका वेळी आठ बाइटचा तुकडा घेतो आणि अडोबीने तो ज्या पद्धतीने वापरला होता, म्हणजे ईसीबी, तिच्यात प्रत्येक तुकडा सुटा सुटा एनक्रिप्ट होतो. तोच तुकडा आत, तोच तुकडा बाहेर, यूजर कोणीही असो.

पहिली ओळ आखूड आहे, म्हणजे एकच तुकडा, म्हणजे पासवर्ड सात अक्षरांचा किंवा त्याहून लहान. हीच ओळ फाईलमध्ये १९ लाखांहून जास्त वेळा आली. एवढ्या लोकांचा सात अक्षरांच्या आतला एकसारखा पासवर्ड काय असेल? चहाबाजांनी वर हसून घेतलेलाच.

आता दुसरी आणि चौथी बघा, दोन्हींचा शेवट `ioxG6CatHBw==` आहे. पासवर्ड बरोब्बर आठ अक्षरांचा असला की पहिला तुकडा भरतो आणि मागे एक रिकामा तुकडा लागतो, त्या रिकाम्या तुकड्याचं हे रूप. म्हणजे नुसता शेवट बघून कळतं की हा पासवर्ड आठ अक्षरी आहे. मग दुसरी आणि तिसरी, दोन्हींची सुरुवात `j9p+HwtWWT`. पहिली आठ अक्षरं सारखी, एक तिथेच थांबला, दुसरा पुढे गेला. दुसरी ओळ 12345678, तिसरी 123456789. चौथी `password`.

यात किल्ली लागली कुठे?

---

शारजाकर

आणि त्याच फाईलमध्ये पासवर्डचे हिंट साध्या अक्षरात पडले होते हे सांगायचं राहिलं. एकाच एनक्रिप्टेड ओळीचे हजारो यूजर, त्यातला एखादा हिंटमध्ये लिहून ठेवणारच 'एक ते सहा'. त्या एकाने सगळ्यांची वाट लावली. तुम्ही स्वतः काहीही हिंट दिलेला नसला तरी तुमचा पासवर्ड दुसऱ्याच्या हिंटमुळे उघडा. लोक शब्दकोड्यासारखे सोडवत बसले होते तेव्हा.

पण बिनखांबीसाहेब, हा दोष ईसीबीचा आहे, एनक्रिप्शनचा नाही. दर रेकॉर्डला वेगळा रँडम आयव्ही, म्हणजे एनक्रिप्ट करताना मिसळायचा तुकडा, टाकला असता तर यातलं काहीही दिसलं नसतं. उदाहरण जरा सोयीचं निवडलंत.

---

बिनखांबी

हरकत बरोबर आहे. आयव्ही टाकला असता तर ओळी सारख्या दिसल्या नसत्या. पण किल्ली सापडली तर सगळे पासवर्ड एका मिनिटात, हे तसंच राहतं, मग पासवर्ड 123456 असो की चाळीस अक्षरी. हॅशच्या टेबलात अशी एकच वस्तू नसते जिने सगळं उघडेल.

बाय द वे, अडोबीनेच नंतर सांगितलं की त्यांची मुख्य लॉगिन सिस्टम वर्षभरापासून सॉल्ट लावून एसएचए-२५६ वर गेलेली होती, हजाराहून जास्त फेऱ्यांनी. ज्या सिस्टमवरून चोरी झाली ती बंद करायची म्हणून ठरलेली बॅकअप सिस्टम होती. इस्लामपूरकर, हे तुमच्यासाठी लिहितोय.

---

मु_पो_इस्लामपूर

वाचतोय, अर्धं डोक्यात जातंय अर्धं वरून. सॉल्ट म्हणजे कोडमास्तरांच्या त्या वेबसाइटवर तोडगा का?

आणि माझ्या टेबलात हे ईसीबी का काय आहे ते मला कसं कळणार, वेंडर तर कोड दाखवत नाही.

---

बिनखांबी

कोड लागत नाही. ॲपमध्ये दोन खोटी खाती उघडा, दोन्हींना एकच पासवर्ड द्या. मग डेटाबेसमध्ये ते दोन रकाने शेजारी ठेवून बघा. दोन्ही अक्षर न् अक्षर सारखे दिसले तर गडबड आहे, मग तो एनक्रिप्शन म्हणो की हॅश. मग एका खात्याचा पासवर्ड दोन-तीन अक्षरी करा, दुसऱ्याचा चाळीस अक्षरी. रकान्यातली लांबी बदलली तर ते बहुतेक एनक्रिप्शन, हॅशची लांबी बदलत नाही, पासवर्ड दोन अक्षरी असो की अख्खा हरिपाठ.

सॉल्टबद्दल, हो, तोच तोडगा. दर सभासदाला वेगळा रँडम तुकडा पासवर्डला जोडून मग हॅश काढायचा, म्हणजे दोघांचा पासवर्ड सारखा असला तरी हॅश वेगळे येतात आणि आधी तयार केलेली यादी कुचकामी होते. सॉल्ट लपवायचा नसतो, तो हॅशबरोबरच ठेवतात. लिंक्डइनने २०१२ मध्ये नेमकं हेच केलेलं नव्हतं, नुसता एसएचए-१, सॉल्ट नाही. आधी ६५ लाख हॅश बाहेर आले आणि २०१६ मध्ये कळलं की प्रकरण ११ कोटी ७० लाखांचं होतं. तेव्हा 'हॅश केलंय' एवढं ऐकून ऑडिटवाल्या मॅडमनीही खूश होऊ नये. बीक्रिप्ट नावाच्या, पासवर्डसाठीच बनवलेल्या हॅशने ठेवलेला पासवर्ड असा दिसतो:

```
$2a$12$R9h/cIPz0gi.URNNX3kh2OPST9/PgBkqquzi.Ss7KIUgO2t0jWMUW
```

तिसऱ्या डॉलरनंतरची पहिली २२ अक्षरं सॉल्ट, उरलेली ३१ हॅश. मधला 12 म्हणजे मुद्दाम किती रखडायचं ते, दोनाचा बारावा घात, ४०९६ फेऱ्या. सभासदाला लॉगिनला पाव सेकंद जास्त लागला तर कळतही नाही, पण अंदाज करत बसलेल्याला प्रत्येक अंदाजाला तो पाव सेकंद मोजावा लागतो. एमडी५ आणि एसएचए मुळात वेगासाठी बनवलेत, पासवर्डला तोच वेग नडतो.

---

झेडपी_मास्तर

मी शाळेच्या लॅबसाठी लिनक्सची आयएसओ उतरवतो तेव्हा त्याच पानावर एसएचए-२५६ दिलेला असतो, तो `sha256sum` ने जुळवून बघतो. जुळला म्हणजे फाईल सुरक्षित, बरोबर ना? इथे तर हॅशच वापरतात आणि कोणी सॉल्ट-बिल्ट टाकत नाही.

---

शारजाकर

मास्तर, तिथे गुपित काहीच नाही म्हणून सॉल्ट नको, आणि वेग असेल तेवढा चांगला, चार जीबीची फाईल आहे. जुळला तर एवढंच कळतं की पानावर ज्याचा हॅश होता तीच फाईल तुमच्याकडे आली, वाटेत तुटली नाही. पान कोणी लिहिलं ते हॅश सांगत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटची वेबसाइटच हॅक झाली होती आणि डाउनलोडची लिंक मागचं दार ठेवलेल्या आयएसओकडे वळवलेली होती. ज्याच्या हाती पान आहे तो लिंकबरोबर हॅशही बदलू शकतो. म्हणून मोठे प्रोजेक्ट हॅशच्या यादीवर डिजिटल सही करतात, `gpg` ने ती तपासायची. शाळेत एवढं कोण करतं ते माहितीये मला, पण करा.

---

कोडमास्तर

ठीक, पासवर्ड हॅश. मग मी म्हणतो मोबाईल नंबरपण हॅश करून टाकूया, एसएमएससाठी नंबर एका वेगळ्या सिस्टममध्ये ठेवू. रिपोर्टमध्ये, ॲनालिटिक्समध्ये सगळीकडे फक्त हॅश. कोणाला नंबर कळायलाच नको. उसाचा रस काढल्यावर रसापासून ऊस कोण बनवणार?

---

बिनखांबी

ऊस बनवायची गरजच नाही, गावात ऊस किती आहेत ते मोजलं की झालं. आपला मोबाईल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी शक्यता, बस. आजचं चांगलं ग्राफिक्स कार्ड एसएचए-२५६ सेकंदाला शेकडो कोटी काढतं. भारतातल्या प्रत्येक शक्य मोबाईल नंबरचा हॅश चहा उकळायच्या आत तयार. तुमच्या रिपोर्टमधले सगळे नंबर उघडे.

हे पण प्रत्यक्ष झालंय. न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या २०१३ च्या फेऱ्यांचा डेटा २०१४ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आला, सतरा कोटींच्या वर फेऱ्या, टॅक्सीचा नंबर आणि ड्रायव्हरचं लायसन्स एमडी५ करून लपवलेलं. पण तिथल्या टॅक्सी नंबरचा साचा ठरलेला आहे, आकडे आणि अक्षरं ठराविक जागी, त्यामुळे शक्य नंबर अडीच कोटींच्याही आतच. एका डेव्हलपरने सगळ्यांचे एमडी५ काढले आणि अख्खा डेटा उघडा पडला. कुठली टॅक्सी किती वाजता कुठे होती, सगळं.

आधार नंबरचंही तेच. बारा आकडी असला तरी पहिला आकडा ० किंवा १ नसतो आणि शेवटचा आकडा आधीच्या अकरावरून ठरतो. उरले ८ हजार कोटी. ऐकायला मोठा आकडा वाटतो, साध्या हॅशला नाही.

---

कोडमास्तर

मग सॉल्ट टाकू. तुम्हीच म्हणालात ना सॉल्ट.

---

बिनखांबी

दर नंबरला वेगळा सॉल्ट टाकलात तर तो टेबलातच असणार, चोर एकेका नंबरसाठी ४०० कोटी पुन्हा काढेल, प्रत्येकी काही सेकंद. तुमचे सभासद आठ-दहा हजार असतील तर दिवसभरात उरकेल. आणि तुमचंच काम अडेल, कारण 'हा नंबर आधीपासून आहे का' हे शोधायला प्रत्येक रेकॉर्डचा सॉल्ट घेऊन नव्याने हॅश काढावा लागेल.

ज्याच्या शक्यता मोजता येतात त्याला नुसता हॅश म्हणजे काहीच नाही, तिथे गुप्त किल्ली पाहिजेच. नंबर एनक्रिप्ट करा, वाचायला लागेल तेव्हा उघडा. आणि शोधण्यासाठी शेजारी एक रकाना ठेवा ज्यात एचमॅक असेल, म्हणजे हॅशच, पण काढताना एक गुप्त किल्ली मिसळलेला. ती किल्ली डेटाबेसमध्ये ठेवायची नाही, आणि एनक्रिप्शनची किल्ली वेगळी.

---

पेन्शनर_काका

उशिरा आलो. मी निवृत्तीपर्यंत बँकेच्या एटीएम स्विचवर होतो. तरुण मंडळींचं ऐकून मजा वाटली, कारण चार आकडी पिनचा प्रश्न आमच्याकडे फार जुना. पिनच्या शक्यता दहा हजार. तुमचं ते बीक्रिप्ट पाव सेकंद घेतं म्हणता, मग दहा हजार अंदाजांना अडीच हजार सेकंद, चाळीस-बेचाळीस मिनिटं. जेवून येईपर्यंत पिन निघाला.

आमच्याकडे असं होतं. तुम्ही एटीएमच्या कीपॅडवर पिन दाबलात की कीपॅडच्या आतच तो एनक्रिप्ट होतो आणि बाहेर पडतो. वाटेत एका स्विचवरून दुसऱ्यावर जाताना एका किल्लीने उघडून दुसरीने बंद करावा लागतो, पण ते एचएसएम नावाच्या सीलबंद डब्याच्या आत, त्या डब्याच्या झाकणाला हात लावला तरी तो किल्ल्या पुसून टाकतो. आणि बँक पिन ठेवत नाही. कार्ड नंबरचे आकडे, पिन आणि एक गुप्त किल्ली मिळून ट्रिपल डेसने काढलेले चार आकडे ठेवते, पीव्हीव्ही म्हणतात त्याला. तुम्ही टाकलेल्या पिनवरून डब्यात पुन्हा तेच चार आकडे काढायचे आणि ताडायचे. दोन वेगळ्या पिनचे चार आकडे सारखे येऊ शकतात, चालतं.

---

शारजाकर

काका, भारी. म्हणजे अल्गोरिदम एनक्रिप्शनचा आणि काम हॅशचं. चार आकड्यांवरून मागे कोणी जाऊच शकत नाही.

---

पेन्शनर_काका

बरोबर. पण सगळीकडे असंच असतं असं समजू नका, एनक्रिप्ट केलेला पिन ठेवणाऱ्या सिस्टमही मी बघितल्यात आणि त्यांचीही ऑडिट पास होत होती. डबा चांगला असेल तर दोन्ही चालतं असं माझं मत.

---

बिनखांबी

काका, आदर राखून, मला ते पटत नाही. पण डबा असलेल्यांची गोष्ट वेगळी हे खरं, पतसंस्थेकडे डबा नसतो.

---

मु_पो_इस्लामपूर

आमच्या ॲपमध्ये चार आकडी एमपिनपण आहे 😐 काकांनी झोप उडवली.

बिनखांबींनी सांगितलेला प्रयोग केला. दोन खाती, एकच पासवर्ड, रकाने हुबेहूब सारखे. लांब पासवर्ड टाकला तर रकाना लांबला. आणि वेंडरच्या पोराला जरा गोडीत घेतल्यावर तो बोलून गेला की पासवर्ड, खाते नंबर, मोबाईल सगळ्यांना एकच किल्ली आहे, सुरुवातीपासून तीच.

आता वेंडर नरमलाय. म्हणतो रीसेटची लिंक पाठवू, बीक्रिप्ट लावू, पण जुना एनक्रिप्टेड रकानापण राहू दे, सपोर्टवाल्यांना लागतो. आणि सभासदांना पुन्हा पासवर्ड बनवायला लावायचं का, आमच्याकडे निम्मे लोक साठीच्या पुढचे आहेत हो.

---

बिनखांबी

जुना रकाना ठेवला तर बीक्रिप्ट लावून उपयोग शून्य, चोर तोच रकाना वाचेल. सपोर्टला सभासदाचा पासवर्ड कशाला लागतो हे त्याला लेखी विचारा.

सभासदांना त्रास न देता होतं. नुसते एमडी५ असते तर मूळ पासवर्ड कोणाकडेच नसते, लोक लॉगिन करतील तसतसं बदलावं लागलं असतं किंवा जुन्या हॅशवरच वरून बीक्रिप्ट चढवावं लागलं असतं. तुमचे एनक्रिप्टेड आहेत, म्हणजे एका रात्रीत एकेक उघडून बीक्रिप्ट करून नवीन रकान्यात टाकता येतील, सकाळी कोणाला पत्ता लागणार नाही. दुसऱ्या दिवशी पाच-दहा जणांचं लॉगिन तपासा आणि मग जुना रकाना उडवा. खाते नंबर आणि मोबाईलसाठी नवीन किल्ली, ती वेंडरच्या कॉन्फिग फाईलमध्ये नाही.

एक बारीक गोष्ट, बीक्रिप्ट ७२ बाइटच्या पुढचं बघत नाही, काही लायब्ररी आता एरर देतात, काही गुपचूप कापतात. देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात, काना-मात्रा-हलन्त सगळे सुटे मोजले जातात, 'ज्ञानेश्वर' एवढ्यालाच तीस जातात. कोणी सभासद मराठीत लांब पासवर्ड ठेवत असेल तर बघून घ्या.

---

शारजाकर

मी तरी सगळ्यांना रीसेट करायला लावेन. ते पासवर्ड इतके दिवस वेंडरच्या पोरांना दिसत होते, वर एसएमएसमध्ये साध्या अक्षरात लोकांच्या इनबॉक्समध्ये पडलेत. ते जळलेलेच धरा. साठीच्या पुढचे असोत, शाखेत बोलवा आणि बसून करून द्या. एमपिनचंही तेच, वर पाच चुकांनंतर खातं लॉक, आणि हॅशमध्ये एक गुप्त किल्ली मिसळा जी डेटाबेसमध्ये नसेल.

---

बिनखांबी

एमपिनला लॉक आणि किल्ली, सहमत. सगळ्यांना रीसेट, तत्त्वतः सहमत, पण मंडळ ऐकणार नाही म्हणून रात्रीचा मार्ग सांगितला.

---

मु_पो_इस्लामपूर

आणि बॅकअपचं काय? रोजचे बॅकअप हार्ड डिस्कवर कपाटात आहेत, सगळ्यांत तोच रकाना आणि तीच किल्ली. किल्ली नष्ट केली तर जुने खाते नंबरपण वाचता येणार नाहीत, आणि ते रेकॉर्ड ठेवायलाच लागतात. किल्ली ठेवली तर पासवर्डपण वाचता येतात.

---

बिनखांबी

जे बॅकअप कायद्याने ठेवायचे तेवढे बाजूला काढा, बाकीचे नष्ट करा. ठेवायचे ते नेटला न जोडलेल्या मशीनवर रिस्टोर करून पासवर्डचा आणि एमपिनचा रकाना रिकामा करा आणि पुन्हा बॅकअप घ्या, खाते नंबर नव्या किल्लीने. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग मला दिसत नाही.

---

पेन्शनर_काका

रेकॉर्डमध्ये फेरफार केला म्हणून ऑडिटर उद्या तेच बोट दाखवतील. जुन्या बॅकअपला हात लावायच्या आधी त्या मॅडमचं लेखी घ्या. मी असतो तर डिस्का तशाच सीलबंद करून लॉकरमध्ये टाकल्या असत्या, किल्ली दुसऱ्या लॉकरमध्ये, दोन वेगळ्या माणसांच्या सहीने.

---

शारजाकर

आणि वेंडरकडे त्याच किल्लीची कॉपी असणारच, तिचं काय करणार काका?

---

मु_पो_इस्लामपूर

मॅडमना मेल टाकलाय. वेंडरला किल्लीच्या कॉपीबद्दल विचारलं तर म्हणाला, कुठली कॉपी.